बहुपदी पन्नासाव्या घाताची, मुळे पन्नासाहून जास्त

उदगीरला मी बी.एस्सी.च्या वर्गाला गणित शिकवतो. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी विषय दिला होता: cos nθ ही cos θ मधली बहुपदी म्हणून लिहायची, आवर्तन सूत्राने एकामागून एक बहुपदी तयार करायची आणि −१ ते १ या अंतरालात त्यांची मुळे संगणकाकडून काढून घ्यायची. विषय सोपा वाटला म्हणूनच दिला होता. देवणीकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारी ही मुलगी हिशेबाला पक्की. पंधरा दिवसांत पूर्ण होईल असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. प्रत्यक्षात दीड महिना लागला, कारण वाटेत दोन चुका निघाल्या आणि त्या दोन्ही वेगवेगळ्या जातीच्या होत्या. पहिलीत मुळे कमी मिळाली, दुसरीत जास्त. या दोन्ही चुका सविस्तर मांडाव्यात असं वाटतं, कारण पाठ्यपुस्तकातला हा भाग वाचताना त्या दिसत नाहीत.

आधी सूत्र कुठून येतं ते पाहू. अकरावीत शिकलेलं बेरजेचं सूत्र दोनदा लिहून मिळवलं की

cos (n+1)θ + cos (n−1)θ = 2 cos θ · cos nθ

हे मिळतं. आता cos θ ला x म्हणायचं आणि cos nθ ला Tₙ(x) म्हणायचं. मग T₀ = 1, T₁ = x आणि पुढे

Tₙ₊₁ = 2x·Tₙ − Tₙ₋₁

एवढ्या एका ओळीवर सगळा डोलारा उभा आहे. T₂ = 2x² − 1, T₃ = 4x³ − 3x, T₄ = 8x⁴ − 8x² + 1, T₅ = 16x⁵ − 20x³ + 5x, T₆ = 32x⁶ − 48x⁴ + 18x² − 1. रशियन गणिती पाफ्नुती चेबिशेव यांनी १८५४ मध्ये यंत्रांच्या जोडदांड्यांचा अभ्यास करताना या बहुपदी पुढे आणल्या, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. पटीतल्या कोनांचा विचार मात्र त्याहून जुना आहे. ज्यांचं घराणं मूळचं गोदावरीच्या उत्तर तीरावरच्या गोलग्रामचं, त्या कमलाकरांनी १६५८ साली वाराणसीत पूर्ण केलेल्या 'सिद्धान्ततत्त्वविवेक' या ग्रंथात दुप्पट, तिप्पट, चौपट आणि पाचपट कोनांच्या ज्या-कोज्यांची सूत्रं बेरजेच्या नियमावरूनच काढली आहेत. आमचं काम तिथून पुढे, विसाव्या आणि पन्नासाव्या पटीपर्यंत जायचं होतं.

मुळे कुठे असणार हे कागदावर लगेच कळतं. cos nθ शून्य व्हायचा तर nθ हा ९०° च्या विषम पटीत असायला हवा. म्हणजे मुळे x = cos((2k−1)·90°/n), k = 1 ते n. सगळी −१ आणि १ च्या दरम्यान, सगळी वेगवेगळी, आणि मोजून n. घातच n असल्यामुळे बाहेर आणखी मूळ असूच शकत नाही. उत्तर आधीपासून माहीत असल्यामुळेच हा प्रकल्प विद्यार्थ्याला द्यायला चांगला: संगणकाने काढलेलं मूळ बरोबर की चूक हे ताबडतोब पडताळता येतं. मी तिला अट घातली होती, मुळे काढताना हे सूत्र वापरायचं नाही, ते फक्त शेवटी तपासायला.

तिची पद्धत साधी होती. −१ पासून १ पर्यंत ०.१ च्या पावलांनी जायचं, प्रत्येक ठिकाणी Tₙ ची किंमत काढायची. लागोपाठच्या दोन किमतींची चिन्हं वेगळी असतील तर मधे मूळ आहे असं समजून तिथे द्विभाजन लावायचं, म्हणजे अंतर अर्धं-अर्धं करत मुळापर्यंत पोचायचं. T₅ ला पाच मुळे मिळाली, T₈ ला आठ. T₂० ला सोळाच.

"सर, चार मुळं कुठं गेली?" हा तिचा प्रश्न. यादी पाहिली तर मधली सगळी जागच्या जागी होती. धन बाजूला सर्वात मोठं सापडलेलं मूळ ०.९२३९ होतं. सूत्र सांगत होतं की त्याच्या पलीकडे आणखी दोन असायला हवीत, ०.९७२४ आणि ०.९९६९. ऋण बाजूला तसंच. म्हणजे ०.९ ते १ या एकाच पावलात तीन मुळे होती. तीन वेळा चिन्ह बदललं तर सुरुवात आणि शेवट यांची चिन्हं एकदा बदलल्यासारखीच दिसतात. T₂०(०.९) ही किंमत −०.९१९४ आणि T₂०(१) ही १. संगणकाने "इथे एक मूळ आहे" एवढंच ओळखलं, द्विभाजन ०.९५ ला जाऊन आलं, तिथे किंमत धन निघाली म्हणून ते डावीकडे वळलं आणि ०.९२३९ घेऊन परतलं. उरलेली दोन मुळे त्याने पाहिलीच नाहीत. एका पावलात नेमकी दोन मुळे असती तर चिन्ह मुळीच बदललं नसतं आणि दोन्ही हातची गेली असती.

टोकांनाच गर्दी का होते हे तिला फळ्यावर पटेना. मग कंपासपेटीतला कोनमापक काढला. अर्धवर्तुळावर ४.५°, १३.५°, २२.५° असे नऊ-नऊ अंशांवर पेनाने ठिपके दिले आणि प्रत्येक ठिपक्यापासून खालच्या सरळ कडेवर लंब टाकला. वर ठिपके अगदी सारख्या अंतरावर आहेत. खाली कडेवर मात्र मध्याजवळ ऐसपैस आणि दोन्ही टोकांना दाटीवाटीने बसले आहेत, कारण टोकाजवळ वर्तुळाची रेघ जवळजवळ उभी असते आणि उभ्या रेघेवर कितीही चाललं तरी आडवं अंतर फारसं कापलं जात नाही. हाताशी ठेवायचा हिशेब असा: मध्याजवळ शेजारच्या मुळांतलं अंतर साधारण π/n, आणि टोकाच्या दोन मुळांतलं साधारण π²/n². n = २० ला पहिलं ०.१५७ आणि दुसरं ०.०२५ च्या आसपास. मधलं अंतर पाहून पाऊल ठरवलं तर टोकाला फसगत ठरलेली. n दुप्पट केला तर टोकाचं अंतर चौथाईवर येतं, म्हणून पाऊलही चौपट बारीक करावं लागतं.

तिने पाऊल ०.०२ केलं आणि वीसच्या वीस मुळे मिळाली. इथे आम्ही दोघं थोडे निर्धास्त झालो. पन्नासासाठी टोकाचं अंतर ०.००३९ येतं, म्हणून तिने पाऊल ०.००२ घेतलं, हजार तुकडे, आणि T₅० वर कार्यक्रम चालवला.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून ती थेट विभागात आली. "सर, मुळं जास्तीची येऊलालीत. पन्नासच्या वर."

पन्नासाव्या घाताच्या बहुपदीला पन्नासपेक्षा जास्त मुळे असूच शकत नाहीत, ही गोष्ट दहावी झालेल्या पोरालाही माहीत असते. म्हणजे आता पावलाचा दोष नव्हता. पाऊल मोठं असेल तर मुळे हरवतात, नवी जन्माला येत नाहीत. दोष किमतीत होता. पण तिने किमती तपासल्या होत्या, आणि त्या कशा तपासायच्या हे मीच तिला सांगितलं होतं: x = ०, x = ०.५ आणि x = १ ला किंमत काढून पाहा. T₅०(०) हवं −१, आलं −१. T₅०(०.५) म्हणजे cos ३०००°, म्हणजे cos १२०°, हवं −०.५, आलं −०.५. T₅०(१) हवं १, आलं १. दशांशाच्या शेवटच्या स्थळापर्यंत अचूक. तीनही ठिकाणी बरोबर उत्तर देणारा कार्यक्रम चुकतोय यावर तिचा विश्वास बसेना, आणि सुरुवातीला माझाही बसला नाही.

तिचा कार्यक्रम नेमकं काय करत होता ते सांगतो. आवर्तन सूत्राने ती सहगुणकांची यादी तयार करत होती. Tₙ ची यादी एक घर सरकवून दुप्पट करायची, त्यातून Tₙ₋₁ ची यादी वजा करायची. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठे असले तरी अचूक राहतात, त्यामुळे T₅० चे सहगुणक एकूण एक बरोबर होते. मग त्या यादीत x घालून, वरच्या घातापासून खाली येत, गुणत आणि मिळवत ती किंमत काढत होती. पद्धत पुस्तकातलीच होती.

गोम सहगुणकांच्या आकारात आहे. त्यांची चिन्हं आलटून पालटून धन-ऋण येतात. सगळी चिन्हं धन केली तर बेरीज किती होते हे तिला पेन्सिलने काढायला लावलं. त्यासाठी बहुपदी लिहायची गरजच नाही, सूत्रातली वजाबाकी बेरीज झाली की काम होतं: आधीची बेरीज दुप्पट, अधिक तिच्या आधीची. १, १, ३, ७, १७, ४१, ९९, २३९... T₅ चे १६ + २० + ५ खरोखर ४१ भरतात आणि T₆ चे ९९. प्रत्येक पायरीला ही बेरीज सुमारे २.४१४ पट होत जाते. विसाव्या पायरीला ती २ कोटी २६ लाखांच्या घरात असते. पन्नासाव्या पायरीला ती ६.९ × १०^१८ च्या आसपास, म्हणजे एकोणीस आकडी.

संगणक दशांश अपूर्णांक साठवतो तेव्हा त्याच्याकडे जेमतेम सोळा सार्थ आकडे असतात. आता x जवळजवळ १ असताना काय घडतं पाहा. सतरा-अठरा आकडी धन संख्या आणि तितक्याच मोठ्या ऋण संख्या एकमेकींत मिळवायच्या, आणि त्यातून उरायची किंमत −१ ते १ मधली. वरच्या सोळा आकड्यांची एकमेकांत वजाबाकी होऊन जाते आणि खरं उत्तर ज्या आकड्यांत होतं ते आकडे कधी साठवलेच गेलेले नसतात. हातात राहतो तो शेवटचे आकडे कापून केलेल्या गोळाबेरजेचा गाळ. n = २० ला हा प्रश्न आला नाही, कारण आठ आकडी संख्यांची वजाबाकी होऊनही आठेक आकडे शिल्लक राहतात.

मग मी सांगितलेल्या तीन ठिकाणी उत्तर बरोबर कसं आलं? हा प्रश्न तिने विचारला आणि त्याचं उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःला सर्वात जास्त शिकवणारा भाग हाच. Tₙ चे सहगुणक नीट पाहिले तर xᵏ च्या सहगुणकाला 2ᵏ⁻¹ ने नि:शेष भाग जातो. T₆ मध्ये x⁴ चा ४८, त्याला ८ ने भाग जातो. x² चा १८, त्याला २ ने. T₇ मध्ये x⁵ चा ११२, त्याला १६ ने. x = ०.५ घातला की प्रत्येक पदातले हे दोन भराभर कटतात आणि उरतात साध्या संख्यांचे अर्धे. T₅० साठी या अर्ध्यांची चिन्हं सोडून केलेली बेरीजही १,४०० कोटींच्या आसपासच जाते, आणि संगणक सुमारे ९ × १०^१५ पर्यंतचे पूर्णांक एकही आकडा न गमावता धरतो. म्हणून तिथे गोळाबेरीज होतच नाही. x = १ लाही तसंच: मोठ्या सहगुणकांत दोनाचे घात इतके भरलेले असतात की द्विमान पद्धतीत त्यांच्या शेवटी शून्यंच शून्यं असतात आणि मधल्या बेरजाही पूर्ण मावतात. शून्याला तर शेवटचा सहगुणक सोडून काहीच उरत नाही. म्हणजे मी तपासणीसाठी निवडलेल्या तिन्ही जागा नेमक्या अशा होत्या जिथे ही पद्धत चुकूच शकत नव्हती.

x = ०.९९ घेतला की हे कवच गळून पडतं. ९९/१०० हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपतच नाही, त्यामुळे पहिल्याच गुणाकारापासून शेपूट कापलं जातं. T₅०(०.९९) ची खरी किंमत ०.७०११ आहे. तिच्या कार्यक्रमाने दिलेली किंमत १ च्या कितीतरी बाहेर होती. मी तिला त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायला सांगितलं: −१ ते १ च्या आत Tₙ ची किंमत १ पेक्षा मोठी किंवा −१ पेक्षा लहान आली, तर पुढचं काहीही वाचू नका, कारण कोसाईन तिथे जाऊच शकत नाही. ही तपासणी तिने सुरुवातीलाच हजार बिंदूंवर लावली असती तर चूक पाच मिनिटांत सापडली असती.

बिघाड सगळीकडे सारखा नव्हता हेही तिने आलेख काढून दाखवलं. n = ५० असताना मधोमध आणि अगदी ०.७ पर्यंत वक्र सुरेख. ०.८ च्या पुढे तो थरथरायला लागतो आणि ०.९ नंतर नुसती कुसळं. ०.८ च्या पलीकडे दोन्ही बाजूंना मिळून पन्नासांपैकी वीस मुळे असतात. जिथे मुळांची दाटी, नेमका तिथेच किमतीवर भरवसा नाही. त्या कुसळांत चिन्ह उगाचच इकडून तिकडे होतं आणि प्रत्येक उगाच बदलाला कार्यक्रम मूळ समजतो. पाऊल आणखी बारीक केलं तर खोटी मुळे आणखी वाढतात. पहिल्या चुकीवरचा उपाय दुसऱ्या चुकीला खतपाणी घालतो.

यातून बाहेर पडायला नवं काही आणावं लागलं नाही, आवर्तन सूत्र फक्त वेगळ्या रीतीने वापरायचं. सहगुणक तयारच करायचे नाहीत. x ठरवायचा आणि सूत्रात थेट किमती घालत जायचं: 1, x, मग 2x·x − 1, आणि असंच पन्नासपर्यंत. वाटेतली प्रत्येक संख्या कुठल्या ना कुठल्या कोनाचा कोसाईन असते, म्हणून एकही १ च्या बाहेर जात नाही. अठरा आकडी राक्षस कुठे उभाच राहत नाही. गोळाबेरजेची चूक इथेही साठते, पण टोकाला फार तर n² च्या प्रमाणात; n = ५० ला ती दशांशानंतर बाराव्या-तेराव्या स्थळी असते. तेच सूत्र, तोच घात, पण वाहून काय न्यायचं, सहगुणक की किंमत, एवढ्यावर सगळं ठरतं.

किमती ताळ्यावर आल्या. पावलाचा प्रश्न अजून बाकी होता. ०.००२ हे पाऊल आम्ही उत्तर आधीच माहीत असल्यामुळे निवडू शकलो होतो. मला हवी होती अशी रीत जी स्वतःच सांगेल की या तुकड्यात किती मुळे आहेत. आणि ती त्या किमतींच्या रांगेतच दडलेली असते. T₀(x), T₁(x), ... Tₙ(x) या किमती ओळीने मांडा आणि चिन्ह किती वेळा बदललं ते मोजा. जेवढे बदल, तेवढी Tₙ ची मुळे x च्या उजवीकडे. फ्रेंच गणिती स्टर्म यांनी १८२९ मध्ये कुठल्याही बहुपदीसाठी अशी मोजणीची रीत मांडली; आपल्या बहुपदींना तिच्यासाठी वेगळी साखळी बनवावी लागत नाही, आवर्तन सूत्राची रांग हीच ती साखळी.

हे का खरं आहे ते तिला समजावताना खळं आठवलं. तिच्या घरी मळणीयंत्र येण्याआधी खळ्यात तिवडा रोवलेला असे आणि त्याभोवती बैलांची पात फिरे, हे तिने आजोबांकडून ऐकलं होतं. समजा तिवड्यातून जाणारी एक दक्षिणोत्तर रेघ ओढली आहे आणि बैल रेघेच्या पूर्वेला, अगदी मधोमध उभा आहे. तो प्रत्येक पावलात θ एवढा कोन पुढे जातो. k पावलांनंतर तो kθ वर असतो आणि cos kθ चं चिन्ह एवढंच सांगतं की तो पूर्वेला आहे की पश्चिमेला. रेघ तो ९०° ला ओलांडतो, मग २७०° ला, मग ४५०° ला, म्हणजे ९०° च्या प्रत्येक विषम पटीला. दोन ओलांडण्यांत १८०° चं अंतर आहे आणि पाऊल १८०° पेक्षा मोठं नाही, म्हणून एका पावलात दोनदा रेघ ओलांडली असं होऊच शकत नाही. एकही ओलांडणी मोजणीतून निसटत नाही. n पावलांत तो एकूण nθ चालला, तेव्हा बदलांची संख्या म्हणजे nθ च्या आत ९०° च्या विषम पटी किती, तेवढी. आणि x च्या उजवीकडचं प्रत्येक मूळ नेमकं अशाच एका विषम पटीतून आलेलं असतं. तिने वहीवर वर्तुळ काढलं, बोट फिरवत मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे मूळ मोजायचं नाहीच सर, फेऱ्यात रेघ किती वेळा ओलांडली ते मोजायचं."

हरवलेल्या मुळांवर लगेच करून पाहिलं. n = २०, x = ०.९. किमती १, ०.९, ०.६२, ०.२१६ अशा उतरत जातात आणि चौथ्या पटीला −०.२३१२ येते. हा पहिला बदल. दहावी −०.२००७, अकरावी ०.२४६३, दुसरा. सतरावी ०.१८५५, अठरावी −०.२६१४, तिसरा. विसावी −०.९१९४, पुढे बदल नाही. तीन बदल, म्हणजे ०.९ च्या उजवीकडे तीन मुळे. पहिल्या दिवशी जे पाऊल "एक" म्हणालं होतं त्याचा खरा आकडा असा न शोधता मिळाला. मधे एखादी किंमत शून्य आली तर? आवर्तन सूत्रावरून तिच्या आधीची आणि नंतरची किंमत विरुद्ध चिन्हांची असतेच, म्हणून ते शून्य वगळून मोजलं तरी एकच बदल मिळतो.

मग तिने सगळा कार्यक्रम फेकून नव्याने लिहिला. k वं सर्वात मोठं मूळ हवं असेल तर −१ ते १ चा मध्य घ्यायचा. तिथे k किंवा जास्त बदल मिळाले तर मूळ उजव्या अर्ध्यात, नाहीतर डाव्या. पाऊल नावाची गोष्टच उरली नाही.

```python
def badal(n, x):
    a, b = 1.0, x            # T0, T1
    mage, ginti = 1, 0
    for k in range(n):
        chinh = (b > 0) - (b < 0)
        if chinh != 0:
            if chinh != mage:
                ginti += 1
            mage = chinh
        a, b = b, 2*x*b - a
    return ginti

def mool(n, k):
    lo, hi = -1.0, 1.0
    for _ in range(52):
        mid = (lo + hi) / 2
        if badal(n, mid) >= k:
            lo = mid
        else:
            hi = mid
    return (lo + hi) / 2
```

n = ५० साठी पहिलं मूळ ०.९९९५०७, दुसरं ०.९९५५६२, आणि असं शेवटपर्यंत पन्नास. cos १.८° आणि cos ५.४° शी ताडून पाहिलं, जुळलं. खरं तर ऋण बाजूची पंचवीस काढायची गरज नव्हती, Tₙ(−x) आणि Tₙ(x) यांत फार तर चिन्हाचा फरक असतो. पण तिने मुद्दाम काढली आणि दोन्ही बाजू एकमेकींचं प्रतिबिंब आहेत का हे पाहिलं, तपासणी म्हणून. ते मला आवडलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की मुळांचं सूत्र माहीत असताना एवढा खटाटोप कशाला. प्रश्न योग्य होता. चेबिशेवच्या बहुपदींची मुळेच फक्त हवी असतील तर सूत्रात k घालावा आणि मोकळं व्हावं, द्विभाजनाची गरज नाही. तिच्या मोजणीला मर्यादाही आहे: खळ्यातला युक्तिवाद फक्त कोसाईनच्या रांगेला लागू पडतो, आणि एखादी बहुपदी नुसती सहगुणकांच्या यादीने हातात आली, तिच्यामागे अशी तीन पदांची साखळी नसेल, तर ही रांग मिळणारच नाही.

तिने उत्तरादाखल एक ओळ बदलून दाखवली. लेजांद्र बहुपदींचं आवर्तन सूत्र असं आहे: (n+1)Pₙ₊₁ = (2n+1)x·Pₙ − n·Pₙ₋₁. यांच्याही रांगेत एखादी किंमत शून्य झाली की शेजारच्या दोन विरुद्ध चिन्हांच्या असतात, यांचीही सगळी मुळे −१ ते १ च्या आतच असतात आणि मोजणी तशीच चालते. पण त्यांच्या मुळांना कोसाईनसारखं सरळ सूत्र नाही, आणि अंकीय समाकलनात लागतात ती हीच मुळे.

```python
        a, b = b, ((2*k+3)*x*b - (k+1)*a) / (k+2)
```

P₂ साठी ०.५७७३५ आलं, ते १/√३ आहे हे परीक्षकांनी तोंडीच सांगितलं. P₃ साठी ०.७७४५९७, म्हणजे √०.६. मग तिने P₅ चं सर्वात मोठं मूळ काढलं, पडद्यावर ०.९०६१८ उमटलं. परीक्षकांनी पुस्तकाच्या मागचा तक्ता उघडून त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि वही पुढे ओढून सही केली.